सेवापूर्ती समारंभाचे आवाहन (बेळगाव सीमाभाग)

निवृत्त होणाऱ्या शिक्षकाच्या सत्कारासाठी माजी विद्यार्थ्यांनी एकमेकांना पाठवलेला, वर्गणी, वक्ते आणि उपस्थिती या तिन्हींची मागणी करणारा संदेश. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठी शाळांमध्ये तो पूर्वी पोस्टकार्डाने आणि गावच्या फळ्यावर लिहून पोहोचवला जाई; आता तो दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून फिरतो. निमंत्रणपत्रिकेहून हे आवाहन वेगळे असते. पत्रिका ठरलेला कार्यक्रम कळवते, तर आवाहन निघते तेव्हा कार्यक्रम अजून ठरायचाच असतो आणि तो कसा होईल हे येणाऱ्या उत्तरांवर अवलंबून असते.

कर्नाटकात सरकारी शिक्षक वयाच्या साठाव्या वर्षी, महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतात. शाळेत नाव घालताना जन्मतारीख १ जून लावण्याची जुनी पद्धत असल्याने, आणि एक तारखेला जन्मलेल्याची सेवा आदल्या महिन्याच्या अखेरीस संपत असल्याने, ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्यांची संख्या मोठी असते. मे महिना लग्नसराईचा असतो, मंगल कार्यालये आधीच भरलेली असतात. जूनमध्ये खानापूरच्या पश्चिमेकडील जांबोटी, कणकुंबी भागात पाऊस धरतो आणि भाताची कामे सुरू होतात. म्हणून अनेक बॅचेस समारंभ मेच्या उत्तरार्धात शाळेच्या पटांगणात घेतात किंवा गोवा, पुणे, मुंबईकडचे लोक गावी येतात त्या गणेशोत्सवावर ढकलतात. सैन्यात असलेल्या विद्यार्थ्यांना रजा आधी मागावी लागते, त्यामुळे निदान तारीख तरी दोन महिने आधी कळवणे भाग असते.

आवाहनातील खरी अडचण अशी, की तिन्ही मागण्या एकाच मजकुरात येतात आणि त्यांची उत्तरे एकमेकांत मिसळतात. ‘नक्की येतो सर’ असे शंभर जण लिहितात, पण त्यातून किती पाने वाढायची हे कळत नाही. कोणी पैसे पाठवतो, पण बँकेच्या नोंदीत केवळ पत्नीचे किंवा भावाचे नाव दिसते आणि वर्गणी कोणाच्या नावावर लिहायची हा प्रश्न उरतो. म्हणून जाणकार संयोजक प्रत्येक मागणीला स्वतंत्र माणूस आणि स्वतंत्र मुदत देतात. समजा, समारंभ रविवारी, ३१ मे २०२६ रोजी आहे. तर मजकूर साधारण असा असतो:

‘आपले गणिताचे सर ३१ मे रोजी सेवानिवृत्त होत आहेत. सकाळी १० वाजता शाळेच्या पटांगणात सत्कार व स्नेहभोजन. वर्गणी ५०० रुपये, ऐच्छिक. १० मेपर्यंत खजिनदारांकडे. पैसे पाठवताना नाव व दहावीचे वर्ष लिहावे. बोलू इच्छिणाऱ्यांनी १५ मेपर्यंत कळवावे. येणाऱ्यांनी किती जण येणार तो आकडा २० मेपर्यंत द्यावा.’

पाचशेचा आकडा खर्चावरून निघतो. दोनशे जणांच्या जेवणाला माणशी १२० रुपयांप्रमाणे २४ हजार, मांडव, खुर्च्या आणि माइकला १० हजार, शाल, फेटा, मानपत्र व भेटवस्तूला ६ हजार धरले, तर ४० हजार होतात. ऐंशी जणांनी ५०० दिले की ते भागते. ‘ऐच्छिक’ हा शब्द वगळू नये. ज्याची ऐपत नाही तो वर्गणीच्या भीतीने समारंभालाच येत नाही, आणि सरांना भेटायची सर्वाधिक ओढ अनेकदा त्यालाच असते. याच कारणाने देणाऱ्यांची यादी रकमेसह ग्रुपवर टाकू नये. नावे टाकावीत, रकमेचा हिशेब खजिनदाराच्या वहीत राहावा.

वक्त्यांची निवड सर्वांत नाजूक. तीस वर्षे शिकवलेल्या शिक्षकाच्या सत्काराला सगळ्यांनाच मनोगत सांगायचे असते, आणि प्रत्येकाला होकार दिला तर बारा वाजता जेवण निघण्याऐवजी तीन वाजतात. दर पाच वर्षांच्या बॅचेसमधून एक असे सहा वक्ते, प्रत्येकी पाच मिनिटे, यात अर्धा तास जातो. वक्ता निवडताना पदापेक्षा आठवण पाहावी. मोठ्या हुद्द्यावरचा विद्यार्थी बहुधा ‘सरांमुळे घडलो’ एवढेच म्हणतो, तर सातवीत शाळा सोडून उसाच्या शेतात गेलेला विद्यार्थी सरांनी त्याच्या वडिलांना दोनदा घरी येऊन काय समजावले ते सांगतो.

भाषेचाही प्रश्न येतो. विद्यार्थ्यांसाठीचा मजकूर मराठीत असतो, पण गटशिक्षणाधिकारी व एसडीएमसी म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या पदाधिकाऱ्यांना विनंतीपत्र कन्नडमध्ये देण्याची प्रथा अनेक ठिकाणी पाळली जाते. मानपत्र मात्र मराठीत लिहिले जाते, कारण ते सरांच्या घरातील भिंतीवर लागते आणि घरचे सगळे ते वाचतात.

ज्यांच्यापर्यंत फोन पोहोचत नाही त्यांच्यासाठी गावोगावचा एकेक जण नेमला जातो. आवाहनात त्याचे नाव द्यावे लागते, नाहीतर नेटवर्क नसलेल्या वाडीतील विद्यार्थ्यांना समारंभ झाल्यावरच बातमी कळते.