जांभळी पूड तापवली की पांढरी का होते?

लोह, ट्रायअझोल नावाचा नायट्रोजनयुक्त रेणू आणि टेट्राफ्लुरोबोरेट यांच्यापासून एक पूड तयार करता येते. सूत्र लिहायचं तर [Fe(Htrz)₂(trz)](BF₄). साध्या तापमानाला ती जांभळी असते. ती हळूहळू तापवली, तर ११० अंश सेल्सिअसच्या आसपास तिचा जांभळा रंग उडतो आणि ती जवळजवळ पांढरी होते. थंड होऊ दिली की जांभळा रंग परत येतो, पण ११० अंशांना नाही. त्यासाठी ७० अंशांच्या आसपास खाली उतरावं लागतं. या सगळ्यात ना काही जळतं, ना काही उडून जातं. लोहाच्या प्रत्येक अणूतले फक्त दोन इलेक्ट्रॉन आपली जागा बदलतात.

लोहाचा Fe²⁺ हा आयन घेऊ. त्याच्या बाहेरच्या डी-ऑर्बिटलांत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ठरावीक आकाराच्या जागांत, सहा इलेक्ट्रॉन असतात. डी-ऑर्बिटल पाच, आणि आयन एकटा असेल तर पाचही सारख्याच ऊर्जेची. आता त्याच्याभोवती सहा नायट्रोजन येतात: वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवीकडे. पाचांपैकी दोन ऑर्बिटलं नेमकी या नायट्रोजनांच्या दिशेने पसरलेली असतात, त्यामुळे तिथल्या इलेक्ट्रॉनांना समोरून जास्त रेटा बसतो आणि त्यांची ऊर्जा वर जाते. उरलेली तीन दोन नायट्रोजनांमधल्या मोकळ्या जागेत डोकावतात, म्हणून ती खाली राहतात. वरच्या आणि खालच्या ऑर्बिटलांच्या ऊर्जेतल्या या फटीला क्रिस्टल फील्ड स्प्लिटिंग म्हणतात आणि ती Δ या चिन्हाने दाखवतात. ही मांडणी हान्स बेथे यांनी १९२९ साली केली, स्फटिकांतल्या आयनांसाठी. नावातलं ‘क्रिस्टल’ तिथूनच आलं.

सहा इलेक्ट्रॉन बसवायचे दोन मार्ग आहेत. एक, सगळे खालच्या तिघांत, तीन जोड्या करून. जोडीतल्या दोघांचे स्पिन, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनचं चिमुकलं चुंबकत्व, एकमेकांना खोडतात, म्हणून हा लो-स्पिन. दुसरा, चार खाली आणि दोन वर; यात जोडी एकच आणि चार इलेक्ट्रॉन एकेकटे. हा हाय-स्पिन. लो-स्पिनमध्ये दोन इलेक्ट्रॉन खाली आणल्याने 2Δ इतकी ऊर्जा वाचते, पण दोन जोड्या जास्त कराव्या लागतात आणि एका ऑर्बिटलात दोन इलेक्ट्रॉन कोंबायला ऊर्जा मोजावी लागते. तिला P म्हणू. मग हिशेब सरळ आहे: Δ मोठा तर लो-स्पिन, P मोठा तर हाय-स्पिन.

भोवती पाण्याचे सहा रेणू असले तर Δ लहान पडतो आणि लोह हाय-स्पिन राहतं. सहा सायनाइड असले तर Δ जवळजवळ तिप्पट होतो, तिथे लो-स्पिनच. तापवून यातलं काही सहजी हलत नाही. ट्रायअझोलचे नायट्रोजन मात्र अशा मधल्या ताकदीचे आहेत की दोन्ही पर्याय जवळजवळ तुल्यबळ ठरतात. गंमत इथे आहे.

आता रंग. लो-स्पिन अवस्थेत ही पूड ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा प्रकाश शोषते. त्यातून खालचा इलेक्ट्रॉन वर जातो. पांढऱ्या प्रकाशातून हिरवा वजा झाला की डोळ्याला जांभळं दिसतं. हाय-स्पिन अवस्थेत वरच्या ऑर्बिटलांत दोन इलेक्ट्रॉन आल्याने नायट्रोजन मागे सरकतात, लोह-नायट्रोजन अंतर सुमारे २ अँगस्ट्रॉमवरून २.२ पर्यंत वाढतं. रेटा कमी, म्हणून Δ लहान. शोषण आता ८०० नॅनोमीटरच्या पलीकडे, अवरक्तात जातं. पूड अजूनही प्रकाश शोषत असते, पण जो आपल्याला दिसतच नाही तो. म्हणून पांढरी.

उष्णतेने हाय-स्पिनचंच पारडं जड का होतं? कारण सैल बंधांची अवस्था जास्त प्रकारांनी थरथरू शकते आणि एकट्या चार इलेक्ट्रॉनांच्या स्पिनलाही पाच मांडण्या मिळतात, लो-स्पिनला एकच. तापमान वाढतं तसं या मुभेचं, म्हणजे एन्ट्रॉपीचं, वजन वाढतं. ११० आणि ७० अंशांमधला फरक शेजाऱ्यांमुळे पडतो. या पुडीत लोहाचे आयन ट्रायअझोलच्या पुलांनी जोडलेल्या साखळ्यांत असतात, एक फुगला की दुसऱ्यालाही ढकलतो, आणि आकसतानाही सगळे एकमेकांना अडवून धरतात.

एक सावधगिरी हवी. तापवल्यावर रंग बदलला म्हणजे स्पिनच बदलला असं नाही. गुलाबी कोबाल्ट क्लोराइड तापवल्यावर निळं होतं ते पाणी निघून गेल्यामुळे. म्हणून आधी वजन पाहावं: ते घटलं तर काहीतरी उडून गेलंय. वजन तेच राहिलं तर चुंबकाची कसोटी. जांभळ्या पुडीत सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असल्यामुळे चुंबक तिला ओढत नाही. गरम पांढऱ्या पुडीत प्रत्येक लोहाकडे चार सुटे इलेक्ट्रॉन असतात, आणि संवेदनशील तराजूवर ती चुंबकाकडे खेचली जाताना स्पष्ट दिसते. पूड पिवळट-तपकिरी पडायला लागली, तर मात्र हवेने लोहाचं ऑक्सिडेशन होऊन Fe³⁺ तयार झालंय असं समजावं. तो रंग थंड केल्याने परत फिरत नाही.