अनुदानित कॅन्टीन व पगारातील कपात (मुंबई)

कंपनीच्या आवारातल्या ज्या उपाहारगृहात थाळीची काही किंमत कंपनी सोसते आणि उरलेली कर्मचाऱ्याच्या पगारातून वळती होते, त्याला अनुदानित कॅन्टीन म्हणतात. विक्रोळी, भांडुप, अंधेरीच्या औद्योगिक पट्ट्यांत ही पद्धत जुनी आहे. स्वयंपाक बहुधा ठेकेदाराचा असतो. भांडी, जागा, पाणी आणि वीज कंपनीची.

याचे मूळ १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये आहे. २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला कॅन्टीन ठेवायला सरकार भाग पाडू शकते, असे हे कलम सांगत होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हा आकडा १०० वर आला असून त्यात कंत्राटी कामगारही मोजले जातात. असे कॅन्टीन नफ्यासाठी चालवता येत नाही. थाळीचा दर ठरवताना जागेचे भाडे, भांडीकुंडी, पाणी आणि दिवाबत्तीचा खर्च धरायचा नसतो. दर आणि मेनू कॅन्टीन समितीपुढे येतात. तिच्यात व्यवस्थापनाने नेमलेले आणि कामगारांनी निवडलेले सदस्य सारख्या संख्येने बसतात. समितीच्या बैठकीत वाद दरावरून कमी आणि उसळीत पाणी किती यावरून जास्त होतो.

हिशेब एका थाळीवर मांडला की कळतो. ठेकेदाराचा दर ८४ रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी ४.२० रुपये, म्हणजे थाळी ८८.२० रुपयांना पडते. कामगाराचा वाटा २५ रुपये ठरला असेल, तर कंपनीचे ६३.२० रुपये जातात. महिन्यात २२ वेळा जेवलेल्याच्या पगारपत्रकात ‘कॅन्टीन कपात ५५०’ एवढीच ओळ येते. १९६२ च्या प्राप्तिकर नियमांत कामाच्या वेळेतले जेवण थाळीमागे ५० रुपयांपर्यंत करमुक्त धरले होते. त्या हिशेबाने इथे कंपनीच्या वाट्यातले १३.२० रुपये दर थाळीमागे करपात्र सुविधा ठरत. २२ थाळ्यांचे २९०.४० रुपये.

कपातीला १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाची अट होती, की कामगाराने सुविधा स्वीकारलेली असली पाहिजे आणि कपात तिच्या किमतीहून जास्त नको. म्हणून सरसकट महिना ५०० रुपये कापण्याची सोपी युक्ती टिकत नाही. घरून डबा आणणारा पहिल्याच पगाराला हिशेब विचारायला येतो, आणि त्याचे बरोबर असते. यावर उपाय म्हणजे काउंटरवर कार्ड किंवा बोट टेकवून पंच घेणे.

पंचिंगमध्येही घोळ होतात. रात्रपाळीचे जेवण साडेबाराला झाले, की यंत्र त्यावर पुढची तारीख टाकते. हजेरीचा महिना २१ ते २० असा असेल, तर २० तारखेच्या रात्रीची थाळी पुढच्या महिन्याच्या पगारात जाते. तोवर माणूस राजीनामा देऊन गेला असेल, तर वसुली राहूनच जाते. पहिला पंच वाजला नाही असे वाटून पुन्हा बोट टेकले, की दोन थाळ्या लागतात. एका जेवणाच्या वेळेत एकच नोंद, एवढा नियम यंत्रात घातला की ही तक्रार जवळजवळ मिटते.

खरा पैसा मात्र दुसरीकडे गळतो. ठेकेदाराच्या करारात किमान थाळ्यांची हमी असते, समजा ३००. एरवी ३४० जण जेवतात. जुलैत सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आले, लोकल थांबल्या आणि १९० च जण पोचले. भात, डाळ, भाजी सकाळीच चढलेली. बिल ३०० थाळ्यांचे, २६,४६० रुपये. वसुली १९० जणांची, ४,७५० रुपये. कंपनीला पडले २१,७१० रुपये, म्हणजे जेवलेल्या प्रत्येक ताटामागे ६३.२० ऐवजी सुमारे ११४ रुपये. न खाल्लेल्या थाळीचा वाटा कामगाराकडून घेता येत नाही. संकष्टीलाही आकडा घसरतो, पण ती कॅलेंडरवर असते. मुकादम आदल्या दिवशी आकडा कमी सांगतो आणि साबुदाणा भिजत घालायला लावतो.

म्हणून महिनाअखेरीला तीन आकडे शेजारी ठेवून पाहतात: सकाळी मागवलेल्या थाळ्या, यंत्रावरचे पंच आणि बिलातल्या थाळ्या. हमीची अट लागू नसलेल्या दिवशी बिल पंचांपेक्षा सतत दहा-बारा थाळ्यांनी जास्त येत असेल, तर आधी पाहुण्यांची कुपने मोजावीत. तीही जुळली नाहीत, तर ठेकेदाराचा माणूस थाळ्या हाताने लिहितो आहे असे समजावे.

कंत्राटी कामगारांचा पगार कंपनी काढत नाही, त्यामुळे त्यांची वसुली पगारपत्रकातून होत नाही. ती रोख कुपनाने किंवा मजूर ठेकेदाराच्या बिलातून वळती करतात. नोकरीच्या करारानुसार दिलेल्या सुविधांवर जीएसटी नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ६ जुलै २०२२ च्या परिपत्रकात म्हटले. त्याचा आधार मालक-नोकर हे नाते आहे, म्हणून कंत्राटी कामगाराच्या २५ रुपयांना ती सूट आपोआप लागत नाही. ही वसुली वहीत वेगळ्या खात्यावर ठेवतात. ताट मात्र त्याच पंगतीत वाढले जाते.