कवटीची शिवण आणि जघनास्थीचं वय

अनोळखी सांगाडा समोर आला की वय कवटीवरून सांगतील, असंच बहुतेकांना वाटतं. कवटीची हाडं नागमोडी शिवणींनी जोडलेली असतात आणि वय वाढेल तशा त्या आतल्या बाजूने बुजत जातात. माइंडल आणि लव्हजॉय यांच्या 1985 च्या पद्धतीत 10 ठरावीक जागा पाहतात. प्रत्येक जागी शिवणीचा साधारण सेंटिमीटरभर तुकडा तपासून 0 ते 3 गुण देतात: 0 म्हणजे उघडी, 3 म्हणजे खूणही न उरलेली. पंचाईत अशी की कुणाची शिवण तिशीत बुजते, तर कुणाची साठीतही उघडी असते. म्हणून कवटीला मी तरी दुय्यम साक्षीदार मानतो.

त्यापेक्षा भरवशाची जागा कमरेच्या हाडांत आहे. दोन्ही जघनास्थी पुढे जिथे कूर्चेने जोडलेल्या असतात, तिथला हाडाचा पृष्ठभाग वयाबरोबर बदलतो. तरुणपणी त्यावर शेतातल्या सऱ्यांसारखे आडवे उंचवटे असतात. ते हळूहळू सपाट होतात, भोवती कड तयार होते आणि म्हातारपणी ती कड झिजून पृष्ठभागाला खड्डे पडतात. सुशी-ब्रूक्स पद्धतीत या बदलांचे 6 टप्पे आहेत. पुरुष आणि स्त्रियांचे तक्ते वेगळे, त्यामुळे आधी लिंग ठरवावं लागतं.

समजा, हाड पुरुषाचं आहे. सऱ्या जवळपास गेल्या आहेत, कडेचा लंबगोल जवळजवळ पूर्ण झालाय, फक्त पुढच्या बाजूला वरती थोडी फट आहे. बोट फिरवून, नमुन्याच्या साच्याशेजारी ठेवून पाहिलं की चौथा टप्पा ठरतो. सरासरी वय 35. पण त्या टप्प्यातल्या 95 टक्के पुरुषांची वयं 23 ते 57 या पट्ट्यात पसरलेली असतात! पहिल्या टप्प्यात हाच पट्टा 15 ते 23 इतका अरुंद असतो. वाढ बरीचशी वेळापत्रकाने होते, झीज मात्र ज्याची त्याची.

याच सांगाड्याच्या कवटीच्या बाजूच्या आणि पुढच्या 5 जागांची बेरीज 6 आली, तर तिथली सरासरी 43 च्या आसपास निघते. मग 35 आणि 43 ची सरासरी काढून 39 लिहायचं का? नाही. दोन्ही अंदाज एकाच पट्ट्यात बसतात, म्हणजे त्यांच्यात विरोध नाही, एवढंच कळलं. कमरेच्या मागच्या सांध्याचा, म्हणजे कण्याच्या तळाच्या त्रिकास्थीला टेकणाऱ्या कानाच्या आकाराच्या भागाचा पृष्ठभागही तपासतात. जमिनीत कुजताना किंवा जनावरांनी कुरतडताना जघनास्थीचं नाजूक टोक आधी जातं. हा कानाच्या आकाराचा भाग मात्र बऱ्याचदा शाबूत सापडतो.

तपास अधिकाऱ्याला एकच आकडा हवा असतो. अहवालात ‘35 ते 40’ लिहिलं आणि मेलेला माणूस 52 वर्षांचा असला, तर बेपत्तांच्या यादीतलं त्याचं नाव पहिल्याच चाळणीत गळतं.