डाएट लांबल्यावर घटलेला ऊर्जाखर्च: हलक्या शरीराचा वाटा किती, चयापचयाच्या काटकसरीचा किती?

डाएट सुरू करून सहा-सात महिने झाले की काटा हलायला कुरकुर करू लागतो. जेवण तेच, चालणं तेच, तरी महिन्याला दोन किलो जायचे ते आता जेमतेम अर्धा किलो जातात. मग "मेटाबॉलिझम मंदावलं" असं म्हणून विषय संपवला जातो. पण या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे शरीर लहान झाल्यामुळे कमी झालेला खर्च. दुसरी म्हणजे शरीराने त्याहून जास्त केलेली काटकसर, म्हणजे चयापचयाचं अनुकूलन. पहिली घट वजन कमी आहे तोवर राहणारच. दुसरी बरीचशी उपाशीपणावर अवलंबून असते आणि खाणं वाढवलं की मोठ्या प्रमाणात ओसरते. म्हणून दोन्हींवर एकच उपाय चालत नाही.

पहिली गोष्ट साध्या हिशेबात बसते. ३८ वर्षांची, १५८ सेंटीमीटर उंचीची, ७८ किलो वजनाची एक स्त्री घेऊ. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रानुसार स्त्रियांसाठी विश्रांतीचा खर्च, म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला लागणारी ऊर्जा, असा काढतात: (१० × किलो) + (६.२५ × सेंटीमीटर) − (५ × वय) − १६१. तिचा आकडा सुमारे १४२० कॅलरी येतो. बैठं काम आणि थोडं चालणं धरून त्याला १.४ ने गुणलं की दिवसाचा एकूण खर्च १९८० च्या आसपास. हीच स्त्री ६६ किलोवर आली की विश्रांतीचा खर्च १३०० आणि एकूण खर्च १८१५ होतो. म्हणजे १२ किलो घटल्यावर रोजचा खर्च १६५ कॅलरींनी उतरला, आणि यात शरीराने काहीही वेगळं केलेलं नाही. ऊतक कमी झालं, जिना चढताना उचलायचं ओझंही कमी झालं.

याचा परिणाम मात्र लक्षात येण्याजोगा असतो. ती पहिल्या दिवसापासून १४५० कॅलरी खात असेल तर सुरुवातीची तूट ५३० ची होती, आता ती ३६५ ची आहे. एक किलो घटायला साधारण ७७०० कॅलरींची तूट लागते असं धरलं, तर महिन्याला दोन किलोंऐवजी सुमारे १.४ किलो जाणार. वेग मंदावणं हे या टप्प्यावर अपेक्षितच आहे.

अनुकूलन सुरू होतं ते या अपेक्षित आकड्याच्याही खाली. १९९५ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात लायबल, रोझेनबाउम आणि हिर्श यांनी वजन १० टक्के उतरवून तिथेच स्थिर ठेवलेल्या माणसांचा एकूण खर्च मोजला. शरीरात उरलेल्या स्नायूंच्या आणि चरबीच्या हिशेबाने जो खर्च यायला हवा होता, त्याहून तो कमी भरला. चरबी वगळता उरणाऱ्या दर किलो वजनामागे ही घट दिवसाला सरासरी ६ ते ८ कॅलरींची होती, आणि माणसामाणसांत फरकही बराच होता.

ही बचत एकाच ठिकाणी होत नाही. चरबी घटली की लेप्टिन हे संप्रेरक उतरतं आणि मेंदू त्याला टंचाईची खूण समजतो. थायरॉइडचं सक्रिय संप्रेरक टी-३ थोडं खाली येतं, नाडी मंद होते, हातपाय गार पडतात. हलकं काम करताना स्नायू कमी ऊर्जेत तेवढंच काम उरकू लागतात. आणि माणूस नकळत कमी हलतो: फोनवर बोलताना येरझारा घालायचा तो आता बसून बोलतो, स्वयंपाकघरातून काही आणायचं असलं तर आधी दुसऱ्याला हाक मारतो. निव्वळ विश्रांतीच्या खर्चातली जादाची घट, वजन महिनाभर स्थिर ठेवून मोजली तर, अनेकदा ५० कॅलरींच्या आसपासच भरते. उरलेला मोठा भाग हालचालीत असतो, आणि तो बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा वर्षांनंतरही त्यांचा विश्रांतीचा खर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. हा आकडा घाबरवण्यासाठी फार वापरला जातो. पण त्यांनी काही महिन्यांत सरासरी ५८ किलो उतरवले होते, तेही प्रचंड व्यायाम आणि अत्यल्प आहारावर. सात महिन्यांत १२ किलो घटवणाऱ्याने तो स्वतःला लावू नये.

"शरीर उपाशी मोडमध्ये गेलं, म्हणून कमी खाऊनही वजन वाढतंय" हेही खरं नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांचा खर्च खूप उतरला, तरी वजन सुमारे एक चतुर्थांश घटलंच. अनुकूलन वेग कमी करतं, तूट खरोखर असताना चरबी वाढवत नाही.

आता दोन्ही वाटे वेगळे कसे काढायचे ते पाहू. निव्वळ सूत्रावर विसंबता येत नाही, कारण एखाद्या व्यक्तीसाठी ते सहज १० टक्के इकडेतिकडे होतं, आणि आपण शोधतोय तो फरकच तेवढ्या आकाराचा आहे. म्हणून सुरुवातीचा स्वतःचा खर्च स्वतःच्या नोंदींवरून काढावा. पहिले दोन आठवडे सोडून द्यायचे, कारण तेव्हा ग्लायकोजेन, म्हणजे शरीरात साठवलेली साखर, आणि पाणी उतरतं. वरच्या स्त्रीचं वजन तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात २ किलो उतरलं. २ × ७७०० ÷ २८ म्हणजे रोजची ५५० ची तूट. त्यात खाल्लेल्या १४५० मिळवल्या की खर्च २००० येतो, सूत्राच्या १९८० शी जवळजवळ जुळणारा. म्हणजे तिच्यासाठी सूत्र ठीक चालतं.

सातव्या महिन्यात, गेल्या आठ आठवड्यांत मिळून, फक्त १ किलो उतरलं. ७७०० ÷ ५६ म्हणजे रोज १३७ ची तूट. नोंदवहीत १४५० आहेत, म्हणून खर्च सुमारे १५९० दिसतो. अपेक्षित होता १८१५. सव्वादोनशेची ही फट सगळी अनुकूलनाच्या नावावर टाकण्याआधी नोंदवही तपासायला हवी.

खाण्याच्या नोंदीतली चूक पहिल्या दिवसापासून सारखीच असेल तर ती इथे आड येत नाही, कारण सुरुवातीचा खर्च त्याच चुकीसकट काढलेला असतो. घात होतो तो हळूहळू वाढत गेलेल्या चुकीने. आपल्या घरांत ती बहुधा तेलात सापडते. सुरुवातीला फोडणी चमच्याने मोजून घातली जाते, चौथ्या महिन्यात बरणी तिरकी होते. आपल्या ताटातलं तेल वेगळं मोजता येत नाही, पण घराचं मोजता येतं. चार जणांच्या घरात महिन्याला ३ लिटर तेल संपलं तर ते सुमारे २७३० ग्रॅम झालं, म्हणजे माणशी रोज जवळपास २३ ग्रॅम, २०५ कॅलरी. नोंदवहीत अजून "दोन छोटे चमचे", म्हणजे ९० कॅलरी लिहिल्या जात असतील तर ११५ कॅलरी इथेच निघाल्या. तळणीचं उरलेलं तेल फेकलं जात असेल तर तेवढं वजा करायचं. शेंगदाण्याचं कूट, भातावरचं तूप आणि दुपारच्या चहातली साखरही अशीच एकदा वजनकाट्यावर घालून बघावी.

मग फोनमधली पावलं. सुरुवातीला रोजची सरासरी ८००० होती, आता ५५०० आहे. अडीच हजार पावलं म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या आसपास, आणि ६६ किलोच्या माणसाला त्याचे बसून राहण्यापेक्षा जादा सुमारे ५५ कॅलरी लागतात. या दोन वजाबाक्यांनंतर उरतात पन्नास-पंचावन्न कॅलरी. आत खोलवर झालेली काटकसर एवढीच आहे.

हा हिशेब आठवडी सरासरीवर करायचा, एका सकाळच्या आकड्यावर नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत पाण्याने किलोभर वजन सहज वाढतं, म्हणून या महिन्यातला आठवडा गेल्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघावा. चार आठवड्यांपेक्षा लहान "अडकणं" मोजूच नये.

या स्त्रीने घाबरून १४५० वरून १२०० वर उतरणं ही सर्वात वाईट खेळी ठरेल. भूक वाढेल, प्रथिनं घटतील, हालचाल आणखी कमी होईल आणि तेल तसंच राहील. तिने तेल पुन्हा मोजावं आणि पावलं ८००० वर न्यावीत. एवढ्याने तूट ३०० च्या पुढे जाते, म्हणजे महिन्याला सुमारे १.२ किलो. उरलेल्या ५५ कॅलरींच्या मागे लागण्यात अर्थ नाही. स्नायू टिकावेत म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा वजनांचा व्यायाम आणि दर किलोमागे किमान १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे तिच्यासाठी रोज ८० ग्रॅम, एवढं मात्र हवंच. पोळी-भाजी आणि वाटीभर वरणाने ते भरत नाही. उसळ, दही, पनीर, सोयाबीन किंवा अंडी रोज मोजून बसवावी लागतात.

नोंदी चोख, पावलं कायम, तरीही दोनशे-अडीचशेची फट चार ते सहा आठवडे राहिली, शिवाय थंडी वाजते, झोप नीट नाही, डोक्यात सतत खाण्याचेच विचार, तर अनुकूलन खरोखर मोठं आहे. तेव्हा दोन ते चार आठवडे तूट थांबवावी आणि खर्चाइतकं खावं. इथे चूक होते ती आकड्यात. जुन्या वजनाचा १९८० नव्हे, तर आत्ताच्या नोंदींतून निघालेला खर्च धरायचा. या स्त्रीचा तो तेल धरून १७०० आहे. वाढीव भाग भाकरी, भात, वरण यांतून घ्यावा. पहिल्या आठवड्यात काटा अर्धा ते दीड किलो वर जाईल. ते स्नायूंतलं ग्लायकोजेन आणि पाणी आहे.

असा खंड घेतल्याने जास्त चरबी जाते का, यावर निकाल एकसारखे नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत दोन आठवडे डाएट आणि दोन आठवडे खंड घेणाऱ्या पुरुषांचं वजन जास्त घटलं. नियमित व्यायाम करणाऱ्यांवरच्या नंतरच्या चाचणीत चरबीत फरक दिसला नाही. म्हणून खंड घ्यायचा तो भूक आणि थकवा उतरवण्यासाठी, चयापचय "रीसेट" होईल या आशेने नाही.

पाळी तीन महिने चुकली तर मात्र वाट पाहू नये, डाएट थांबवून डॉक्टरांकडे जावं. थायरॉइडची शंका असेल तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, रक्तात तपासावं. डाएटमुळे टी-३ उतरतं तेव्हा टीएसएच सहसा नेहमीच्या मर्यादेत असतं, तर थायरॉइड ग्रंथीच मंदावलेली असते तेव्हा ते वाढलेलं दिसतं. पहिल्या प्रकारात थायरॉइडच्या गोळ्या स्वतःहून सुरू करणं धोक्याचं आहे, हृदयाची धडधड वाढते आणि स्नायू झिजतात.

लक्ष्य गाठल्यावर हाच हिशेब उलटा चालवायचा. १७०० पासून सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी ५० ते १०० कॅलरी वाढवाव्या आणि आठवडी सरासरी स्थिर आहे तोवर पुढे जावं. काटकसर ओसरली की ती १८०० च्या आसपास पोहोचेल. १९८० वर परत जाता येणार नाही, कारण तो खर्च ७८ किलोच्या शरीराचा होता.