मिथेनच्या ज्वलनाची तीन उत्तरे

एका विद्यार्थ्याने आपल्या वहीचे एक पान माझ्यापुढे ठेवले. मिथेनच्या ज्वलनात किती उष्णता बाहेर पडते, हे एकच गणित त्याने तीन वेगवेगळ्या तक्त्यांतील बंध एन्थॅल्पी वापरून तीनदा सोडवले होते आणि उत्तरे आली होती उणे ६९४, उणे ८०२ आणि उणे ८१२ किलोज्यूल प्रति मोल. पुस्तकाच्या शेवटी छापलेले, प्रयोगाने मोजलेले मूल्य मात्र उणे ८९० होते. बेरीज-वजाबाकी मी दोनदा तपासली. तिच्यात कुठेही चूक नव्हती. त्याची शंका अशी होती की, मधले उत्तर बहुधा बरोबर असावे, कारण त्याच्या मित्राच्या पुस्तकात मोजलेले मूल्य उणे ८०२ असेच दिले होते. हे मधले उत्तर जुळते खरे. पण ते का जुळते, हे समजून घेतले तर ही सगळी पद्धत कशी चालते आणि कुठे अडते ते कळते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ‘इंधनाच्या बंधांमध्ये ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटले की ती बाहेर पडते’ असे वाक्य इतक्या ठिकाणी वाचायला मिळते की ते खरेच वाटू लागते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. कोणताही बंध तोडायला ऊर्जा खर्च करावी लागते. ती बाहेर पडते ती नवा बंध जुळताना. वायुरूप अवस्थेतील एक मोल बंध तोडायला लागणारी उष्णता म्हणजे त्या बंधाची बंध एन्थॅल्पी. मिथेन जळतो तेव्हा त्याचे आणि ऑक्सिजनचे जुने बंध मोडण्यात जितका खर्च होतो, त्यापेक्षा जास्त परतावा कार्बन डायऑक्साइडचे आणि पाण्याचे नवे बंध जुळताना मिळतो, आणि हा फरक उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाच्या बातम्या अधूनमधून झळकतात, त्या याच हिशेबापाशी कोसळतात: एक मोल वाफेचे हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन करायला साधारण २४२ किलोज्यूल लागतात आणि तो हायड्रोजन पुन्हा जाळून वाफच मिळवली तर तेवढेच २४२ परत मिळतात. इंजिन चालवायला त्यातून काहीच उरत नाही.

आता वहीतले गणित पाहू. अभिक्रिया अशी आहे:

CH₄ + 2O₂ → CO₂ + 2H₂O

डावीकडे कार्बन-हायड्रोजनचे चार बंध मोडावे लागतात. प्रत्येकी ४१३ प्रमाणे १६५२. ऑक्सिजनचे दोन रेणू मोडायला प्रत्येकी ४९८ प्रमाणे ९९६. एकूण खर्च २६४८ किलोज्यूल. उजवीकडे पाण्याच्या दोन रेणूंत ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार बंध जुळतात. प्रत्येकी ४६३ प्रमाणे १८५२ मिळाले. राहिले कार्बन डायऑक्साइडमधील कार्बन-ऑक्सिजनचे दोन द्विबंध, आणि तिन्ही उत्तरांतला फरक इथेच आहे. पहिल्या तक्त्यात या बंधाचे मूल्य ७४५ होते, दुसऱ्यात ७९९ आणि तिसऱ्यात ८०४. या मूल्याची दुप्पट करून ती १८५२ मध्ये मिळवली आणि बेरीज २६४८ मधून वजा केली की अनुक्रमे ती तीन उत्तरे मिळतात.

यात अभिक्रिया प्रत्यक्षात कशी घडते याच्याशी आपला काही संबंध नाही. ज्योतीमध्ये मिथेनचे आधी सुटे अणू होतात आणि मग ते नव्याने जुळतात, असे मुळीच घडत नाही. १८४० मध्ये जर्मेन हेस यांनी मांडलेल्या नियमानुसार एकूण उष्णता फक्त आरंभ आणि शेवट यांवर ठरते, मधल्या वाटेवर नाही. म्हणून आपण सोयीसाठी सुट्या अणूंमधून जाणारी एक काल्पनिक वाट निवडतो. इथपर्यंत पद्धत बिनचूक आहे. प्रश्न येतो तो त्या वाटेवरच्या आकड्यांचा.

सर्वांत आधी डोळ्यांत भरणारा फरक, म्हणजे ८९० आणि ८०२ मधला, खरे तर सर्वांत साधा आहे. बंध एन्थॅल्पीच्या हिशेबात सगळेच पदार्थ वायुरूप धरलेले असतात, तर ८९० हे मूल्य पाणी द्रवरूप झाल्यानंतरचे आहे. २५ अंश सेल्सिअसला एक मोल वाफेचे पाणी झाले की ४४ किलोज्यूल बाहेर पडतात. दोन मोलांचे ८८. पाण्याचे रेणू एकमेकांजवळ येऊन जी ऊर्जा सोडतात, तिची नोंद रेणूच्या आतल्या बंधांच्या तक्त्यात असूच शकत नाही. उत्तरातला फरक ४४ च्या पटीत आला, तर आधी पाण्याची अवस्था तपासावी. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

आता पद्धतीच्या खऱ्या मर्माकडे येऊ. पहिल्या तक्त्यातील ७४५ हे मूल्य प्रामुख्याने अल्डिहाइड आणि कीटोन यांच्यातील कार्बन-ऑक्सिजन द्विबंधांची सरासरी आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये एकाच कार्बनच्या दोन्ही बाजूंना ऑक्सिजन एका रेषेत असतात आणि द्विबंधांतील π इलेक्ट्रॉन तिन्ही अणूंवर पसरलेले असतात. त्यामुळे बंध आखूड आणि मजबूत होतो: कीटोनमध्ये त्याची लांबी सुमारे १२१ पिकोमीटर असते, इथे ११६. कागदावर दोन्हीकडे कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामध्ये सारख्याच दोन रेघा काढल्या जातात, पण त्या रेघा काढणारा हात आपला आहे. रेणूला त्या सारख्या वाटत नाहीत.

पण मला जी गोष्ट सांगायचीच आहे ती याच्या पुढची आहे. ८०४ हे मूल्य कार्बन डायऑक्साइडचेच असले तरी तीदेखील सरासरीच आहे. रेणूतील दोन्ही बंध हुबेहूब सारखे आहेत. कोणत्याही उपकरणाने त्यांच्यात डावे-उजवे करता येणार नाही. तरीही पहिला ऑक्सिजन काढायला ५३२ किलोज्यूल लागतात आणि दुसरा काढायला १०७६. दोन्ही मिळून १६०८, म्हणून सरासरी ८०४. पण ८०४ किलोज्यूल लागणारी एकही पायरी या रेणूच्या विघटनात नाही.

हे कसे घडते? पहिला ऑक्सिजन निघून गेल्यावर उरलेले दोन अणू पूर्वीसारखेच बसून राहत नाहीत. त्यांच्यातील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि द्विबंधाच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा त्रिबंध तयार होतो, जो ज्ञात द्विअणू रेणूंमध्ये सर्वांत मजबूत मानला जातो. म्हणजे पहिला बंध तोडायला आपण जो खर्च करतो, त्यातला काही भाग उरलेला बंध मजबूत होताना लगेच परत मिळतो. म्हणून पहिला बंध स्वस्त वाटतो. पुढच्या पायरीवर मात्र तो पक्का झालेला त्रिबंध तोडावा लागतो आणि आधी मिळालेली सूट व्याजासकट वसूल होते. बंधाची किंमत त्या बंधापुरती नसते. तो तुटल्यावर मागे काय उरते, तेही तीत मोजलेले असते.

मिथेनचे चार बंध हेच सौम्यपणे सांगतात. एकेक हायड्रोजन काढत गेलो तर खर्च येतो ४३९, ४६२, ४२४ आणि ३३८. पहिला हायड्रोजन गेल्यावर चतुष्फलकाच्या आकाराचा रेणू सपाट मिथिल गट होतो, दुसरा गेल्यावर वाकलेला मिथिलीन, आणि प्रत्येक वेळी मागे उरलेला तुकडा आपले इलेक्ट्रॉन नव्याने मांडून घेतो. चारही खर्चांची बेरीज १६६३ आणि सरासरी ४१६. मग तक्त्यात ४१३ कुठून आले? ते अनेक कार्बनी संयुगांतील अशा बंधांवर बसवलेले तडजोडीचे मूल्य आहे. ते कोणत्याही एका रेणूचे नाही, मिथेनचेही नाही.

आता वहीतली तीन उत्तरे पुन्हा पाहिली की चित्र स्पष्ट होते. वाफ धरून मोजलेले मूल्य उणे ८०२ आहे. पहिले उत्तर शंभराहून अधिकने चुकते, कारण दोन्ही द्विबंध प्रत्येकी ५९ ने दुबळे धरले. तिसरे उत्तर साधारण १० ने चुकते, कारण कार्बन डायऑक्साइडचे मूल्य बरोबर असले तरी मिथेन मोडण्याचा खर्च १६६३ ऐवजी १६५२, म्हणजे ११ ने कमी धरला. एक-दोनचा उरलेला फरक आकडे पूर्णांकात घेतल्याचा. आणि तंतोतंत जुळणारे मधले उत्तर? ७९९ हे मूल्य निरपेक्ष शून्य तापमानाचे आहे. २५ अंशांना ते ८०४ होते. त्या तक्त्याने दोन बंधांमध्ये मिळून १० कमी धरले आणि खर्चाच्या बाजूचे ११ त्यात जिरून गेले. दोन चुकांनी एकमेकींना झाकले, एवढेच. मी हे सांगितल्यावर विद्यार्थ्याचा चेहरा जरा पडला, कारण तेच उत्तर त्याने चौकटीत लिहिले होते.

एक मर्यादा अजून सांगायला हवी. अंतिम उत्तर हे दोन मोठ्या बेरजांमधला छोटा फरक असतो. मिथेनच्या बाबतीत २६४८ मध्ये एक टक्का चूक म्हणजे सुमारे २६ किलोज्यूल. आठशेच्या उत्तरात ती खपून जाते. पण उत्तरच लहान असेल तर ती सगळे गिळून टाकते. सरळ साखळीचा ब्युटेन आणि फांदी असलेला आयसोब्युटेन यांची तुलना करा. दोन्हींमध्ये कार्बन-कार्बनचे तीन आणि कार्बन-हायड्रोजनचे दहा बंध आहेत. ब्युटेनचे रूपांतर आयसोब्युटेनमध्ये केले तर जितके बंध मोडतात तितकेच आणि त्याच जातीचे जुळतात. तक्त्याचे उत्तर शून्य. प्रत्यक्षात आयसोब्युटेन सुमारे आठ-नऊ किलोज्यूलने अधिक स्थिर आहे. तक्ता कितीही अचूक केला तरी हा फरक त्यात येणार नाही, कारण बंध मोजताना त्या बंधाचा शेजार आपण विचारातच घेतलेला नसतो. म्हणूनच सिडनी बेन्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत सुटे बंध न मोजता प्रत्येक कार्बनला त्याच्या शेजाऱ्यांसकट एक गट मानतात: एकाच कार्बनला जोडलेल्या मिथिल गटाचे मूल्य वेगळे, तीन कार्बनांना जोडलेल्या फांदीच्या कार्बनचे वेगळे. त्या हिशेबात ब्युटेन आणि आयसोब्युटेन यांची उत्तरे निरनिराळी येतात आणि त्यांतला फरक मोजलेल्या फरकाच्या अगदी जवळ असतो.