माइलस्टोन आणि रिटेनर बिलिंग: झालेलं काम आणि गेलेलं बिल यांचा मेळ

फ्रीलान्स कामाचं बिल तासागणिक न लावता दोन पद्धतींनी लावतात. प्रोजेक्टची एकूण रक्कम आधी ठरवून तिचे तुकडे ठराविक टप्प्यांना बांधले की ते माइलस्टोन बिलिंग, आणि दर महिन्याला ठरलेले तास किंवा ठरलेली उपलब्धता राखून ठेवण्यासाठी आधीच घेतलेली रक्कम म्हणजे रिटेनर. दोन्ही पद्धतींत बिल एका दिवशी जातं आणि काम भलत्याच दिवशी होतं, कधी पैसे पुढे असतात कधी काम, आणि हे अंतर मोजायला एक वेगळी नोंद ठेवावी लागते. झालेलं पण अजून बिल न केलेलं काम, ज्याला बोलताना सगळे अनबिल्ड म्हणतात, ते या नोंदीतून कळतं. बँकेच्या खात्यातून किंवा पाठवलेल्या इन्व्हॉइसच्या फोल्डरमधून ते कळत नाही, कारण त्या दोन्हीकडे काम किती झालंय याचा पत्ताच नसतो.

इथे तीन आकडे लागतात आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. कामातून कमावलेली रक्कम, बिल केलेली रक्कम, आणि प्रत्यक्ष मिळालेली रक्कम. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक म्हणजे थकबाकी, ती बहुतेक जण बघतातच कारण ती टोचते. पहिल्या आणि दुसऱ्यातला फरक म्हणजे अनबिल्ड, आणि तो मात्र कुणी मागे लागून विचारत नाही म्हणून महिनोन्महिने तसाच राहतो.

```
कमावलेलं = ठरलेली रक्कम × झालेले तास ÷ (झालेले तास + उरलेले तास)
अनबिल्ड  = कमावलेलं − बिल केलेलं
```

सूत्रातला महत्त्वाचा शब्द "उरलेले तास" हा आहे. तो सुरुवातीच्या अंदाजातून झालेले तास वजा करून काढायचा नाही, आज बसून नव्याने विचार करून लिहायचा. फिक्स रकमेच्या कामात झालेले तास गुणिले रेट असा हिशोब लावला तर काम जितकं रेंगाळेल तितकी कमाई वाढलेली दिसते, जे साफ चूक आहे, क्लायंट त्यापेक्षा एक पैसाही जास्त देणार नसतो. वरच्या सूत्रात उरलेले तास शून्य झाले की कमाई बरोबर ठरलेल्या रकमेवर येऊन थांबते, मग एकूण तास कितीही लागलेले असोत.

एक प्रोजेक्ट घेऊन बघू. रक्कम 2,40,000, अंदाज 120 तासांचा, म्हणजे मनातला रेट 2,000. माइलस्टोन चार: सुरुवातीला ॲडव्हान्स 60,000, डिझाइन अप्रूव्ह झाल्यावर 60,000, बांधणी पूर्ण झाल्यावर 72,000 आणि हँडओव्हरला 48,000. पहिल्या दिवशी ॲडव्हान्सचं बिल गेलं तेव्हा काम शून्य आहे, म्हणून अनबिल्ड येतं उणे 60,000. हा उणे आकडा बघून घाबरायचं कारण नाही पण तो विसरायचाही नाही, त्याचा अर्थ क्लायंटचे 60,000 आपल्याकडे आहेत आणि त्या बदल्यात अजून काम देणं लागतो. काम मध्येच रद्द झालं तर परत करायचा प्रश्न याच आकड्यावरून सुटतो (करारात ॲडव्हान्स परत मिळणार नाही असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी).

पाच आठवड्यांनी झालेले तास 66, आणि नीट विचार केल्यावर उरलेले दिसतात अजून 66. म्हणजे एकूण 132 होणार, अंदाजापेक्षा 12 जास्त, आणि काम बरोबर अर्धं झालंय. कमावलेलं 1,20,000. तासांना रेटने गुणलं असतं तर 1,32,000 आलं असतं आणि ते वरचे 12,000 कधीच मिळणार नव्हते. डिझाइन क्लायंटकडे जाऊन तीन आठवडे झालेत, अप्रूव्हल आलेलं नाही, दरम्यान आपण रिकामं बसायला नको म्हणून बांधणी सुरू केलेली आहे. बिल केलेलं अजून 60,000 च, म्हणून अनबिल्ड 60,000.

आता हा आकडा पुढच्या माइलस्टोनच्या बिलाशी ताडून बघायचा, माझ्या मते या सगळ्या नोंदीतली ही सगळ्यात उपयोगी सवय आहे. पुढचं बिल 60,000 चं आणि अनबिल्डही 60,000, म्हणजे अप्रूव्हल आज आलं तर हिशोब शून्यावर येईल, ठीक आहे. पण अजून दहा दिवस असेच गेले, झालेले तास 88 झाले आणि उरले 44, तर काम दोन तृतीयांश झालं, कमावलेलं 1,60,000, अनबिल्ड 1,00,000. आता अडकलेलं बिल सुटलं तरी 40,000 चं काम उघड्यावर राहतं. अनबिल्ड पुढच्या बिलापेक्षा मोठं झालं की समजायचं की एकतर माइलस्टोन फार लांब लांब पाडलेत किंवा आपण अप्रूव्हलच्या पुढे धावतोय, आणि दोन्हीत करायची गोष्ट तीच, पुढचं काम थांबवून आधी अप्रूव्हल मागायचं.

हे अडकणं मुळात करारातल्या एका वाक्यामुळे होतं. माइलस्टोन "डिझाइन अप्रूव्ह झाल्यावर" असा बांधला की बिल कधी निघणार हे क्लायंटच्या हातात जातं. तोच "डिझाइन सोपवल्यावर, आणि 7 दिवसांत लेखी बदल न आल्यास ते मान्य धरून" असा बांधला तर तारीख आपल्या कामावर चालते. काम अर्ध्यात आल्यावर हे वाक्य बदलायला क्लायंट सहसा तयार होत नाही, म्हणून ते पहिल्याच मसुद्यात हवं.

इथे हिशोबशास्त्राचाही एक भेद कामाला येतो. 1 जानेवारी 2018 पासून लागू झालेल्या आयएफआरएस 15 या आंतरराष्ट्रीय मानकात असं काम, ज्याचे पैसे मिळायला नुसता वेळ जाणं पुरेसं नाही तर अजून एखादी अट पूर्ण व्हावी लागते, ते कॉन्ट्रॅक्ट ॲसेट म्हणून वेगळं दाखवतात, आणि ज्यात फक्त मुदत भरायची उरलीय ते येणं म्हणून. ॲडव्हान्स घेतलेला पण काम बाकी असेल तर ती कॉन्ट्रॅक्ट लायबिलिटी. एकट्या फ्रीलान्सरला हे मानक पाळायची गरज बहुतेक वेळा नसते, पण तो भेद खरा आहे, अप्रूव्हलवर अडकलेले 60,000 आणि बिल जाऊन मुदतीत असलेले 60,000 यांचा धोका सारखा नाही.

रिटेनरमध्ये

रिटेनर दोन जातींचा असतो. एकात क्लायंट उपलब्धतेचे पैसे देतो, काम आलं किंवा नाही आलं तरी महिना संपला की पूर्ण रक्कम कमावलेली, तिथे तास फक्त स्वतःच्या माहितीसाठी मोजायचे. दुसऱ्यात तास विकलेले असतात आणि खरी गुंतागुंत तिथे आहे. समजा त्याच क्लायंटशी महिन्याला 20 तासांचा रिटेनर आहे, 40,000, एक तारखेला आधी बिल, आणि न वापरलेले तास फक्त एक महिना पुढे जातात. पहिल्या महिन्यात 14 तास वापरले, तर कमावलेलं 28,000, आणि 6 तासांचे 12,000 पुढच्या महिन्यात देणं म्हणून गेले. करारात तास पुढे जायची सोय नसती तर महिनाअखेरीला तेच 12,000 सुद्धा कमावलेले धरले असते. म्हणजे एकाच वापराचे दोन वेगळे आकडे येतात, ते फक्त त्या एका अटीमुळे, म्हणून "उरलेल्या तासांचं बघू नंतर" असा करार करू नये.

दुसऱ्या महिन्यात हातात 26 तास. पुढे आलेले 6 आधी वापरायचे, नाहीतर तेच जुने तास संपायच्या आत वाया जातात आणि क्लायंटला वाटतं आपल्याला फसवलं. समजा या महिन्यात 18 तास वापरले, तर जुने 6 आणि नव्यातले 12, उरले 8.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. एकाच क्लायंटचा प्रोजेक्टही आहे आणि रिटेनरही, आणि टाइमशीटमध्ये नाव फक्त क्लायंटचं लिहिलेलं. पाच आठवड्यांच्या त्या 66 तासांतले 9 तास घाईत रिटेनरच्या खात्यात पडले. मग रिटेनर 18 ऐवजी 27 तास दाखवतो, 26 संपून एक तास जादा, आणि क्लायंटला जादा तासाचं बिल जातं जे त्याने द्यायचं नव्हतं, उलट त्याचे 8 तास शिल्लक होते. तिकडे प्रोजेक्टमध्ये झालेले 57 आणि उरलेले 66, कमावलेलं उतरून साधारण 1,11,220, अनबिल्ड 60,000 ऐवजी 51,220. एकाच चुकीने एका खात्यात क्लायंटकडून जास्त मागितलं आणि दुसऱ्यात स्वतःचं काम कमी दाखवलं. यावर उपाय साधा आहे, टाइमशीटच्या प्रत्येक ओळीवर क्लायंटसोबत कराराचा कोड, समजा `P1` किंवा `R1`, आणि कोड नसलेली ओळ बेरजेत घ्यायचीच नाही. स्प्रेडशीट असेल तर कोड बी कॉलममध्ये आणि तास डी कॉलममध्ये ठेवून एवढं पुरतं:

```
=SUMIFS(D:D,B:B,"P1")
=SUMIFS(D:D,B:B,"R1")
=SUM(D:D)
```

पहिल्या दोनांची बेरीज तिसऱ्याइतकी आली नाही तर कुठेतरी कोड राहिलाय किंवा चुकीचा टाइप झालाय. पण चुकीच्या पण वैध कोडखाली पडलेले तास या तपासणीत दिसत नाहीत, वरचे 9 तास असेच सुटले असते, त्यासाठी प्रत्येक ओळीत काय केलं ते दोन शब्दांत लिहिलेलं असावं आणि रिटेनरचं बिल पाठवायच्या आधी त्या ओळी एकदा वाचाव्या.

अजून दोन ठिकाणी आकडे बिघडतात. एक म्हणजे कर. इन्व्हॉइसची एकूण रक्कम करासकट असते आणि कमावलेलं करविरहित, ती तशीच वजा केली तर अनबिल्ड कमी दिसतं, म्हणून बिलाच्या कॉलममध्ये कर लावण्याआधीचीच रक्कम भरायची. क्रेडिट नोट दिली असेल तर तीही तिथूनच वजा. दुसरं म्हणजे वाढीव काम. क्लायंटने मध्येच नवीन पान मागितलं आणि त्याचे तास मूळ प्रोजेक्टमध्येच टाकले तर उरलेले तास वाढतात, रक्कम तीच राहते आणि कमावलेलं घसरतं, नोंद बघून वाटतं आपणच हळू काम करतोय. खरं तर ते काम वेगळ्या कोडखाली, वेगळ्या रकमेसह जायला हवं होतं, आणि रक्कम लेखी मान्य होईपर्यंत त्याचं कमावलेलं शून्यच धरायचं.

या पद्धतीची मर्यादा उरलेल्या तासांच्या अंदाजात आहे, कारण तो माणूस करतो. चार आठवडे लागोपाठ काम 90 टक्के झालेलं दिसत असेल तर उरलेल्या कामाचा आकडा विचार न करता भरला जातोय, आणि कमावलेलं फुगलेलं आहे. अशा वेळी उरलेलं काम छोट्या छोट्या कामांत लिहून प्रत्येकाला तास द्यायचे आणि त्यांची बेरीज वापरायची, बहुतेक वेळा ती आधीच्या आकड्यापेक्षा मोठी येते, आणि त्या दिवशी अनबिल्ड अचानक कमी झालेलं दिसलं तरी तोच आकडा ठेवायचा.