चार सी आणि चार पी: बदली नव्हे, तपासणी

‘मार्केटिंगमधले चार पी कंपनीच्या सोयीचे आणि म्हणून कालबाह्य झाले, ग्राहकाचा विचार करणाऱ्या चार सींनी त्यांची जागा घेतली, हे खरे का?’

नाही. मार्केटिंगचे अमेरिकी प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी १९६० मध्ये उत्पादन, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी ही, इंग्रजीत पी अक्षराने सुरू होणाऱ्या चार शब्दांची चौकट मांडली, तेव्हा त्यांच्या आकृतीच्या मध्यभागी ग्राहकच होता. पुढे वर्गांतून चार शब्द तेवढे पाठ झाले आणि मधला माणूस गळून पडला. जाहिरातशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट लॉटरबॉर्न यांनी १९९० मध्ये ग्राहकाची गरज, त्याला पडणारा एकूण खर्च, खरेदीची सोय आणि संवाद हे, इंग्रजीत सी अक्षराने सुरू होणारे चार सी सुचवले. त्यांनी स्वतः पी निकालात काढले होते, पण तो दावा टिकत नाही.

स्वस्त प्रिंटरचे उदाहरण घ्या. किंमत कमी म्हणून तो खपतो. पण शाईची कार्ट्रिज लहान आणि महाग असल्याने वर्षभरात शाईवरचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे जाऊ शकतो. हा खर्च नजरेस आणून देणे, हे सीचे खरे काम. तो कमी करायचा झाला, तर मात्र कार्ट्रिजमध्ये शाई किती भरायची हा उत्पादनाचा, तिचे मोल काय ठेवायचे हा किमतीचा, आणि ती सहज कुठे मिळेल हा वितरणाचा निर्णय ठरतो. एका सीची उकल अशी तीन पींत विखुरते, त्यामुळे पाठ्यपुस्तकांत दिसणारी ‘किमतीऐवजी खर्च’ ही जोडी फसवी आहे. खर्च हा ग्राहकाच्या वाट्याला येणारा परिणाम असतो. कंपनीला तो थेट ठरवता येत नाही.